व्हॉल्व्हचं उदाहरण

मला उदाहरणं द्यायची खोड आहे. घरी यावरून माझी टिंगल होते. आमटी खारट झाली तरी ही बाई आधी उदाहरण देईल आणि मग पाणी घालेल, असं माझा नवरा पाहुण्यांना सांगतो. मी ते हसण्यावारी नेत आले. एका उदाहरणाचं मात्र मला आजवर हसू आलेलं नाही, आणि तेच लिहायला बसले आहे.

मी मानसिक आरोग्याच्या कामात समाजसेविका आहे. दर बुधवारी आमचे डॉक्टर आणि मी जालन्याहून जीपने एका तालुक्याच्या गावी जातो. तिथल्या ग्रामीण रुग्णालयात औषधांच्या खोलीला लागून आम्हाला एक खोली मिळाली आहे. डॉक्टर पेशंट तपासतात, गोळ्या लिहितात. घरच्यांना आजार समजावून सांगणं, गोळ्या चालू आहेत ना ते पाहणं आणि रजिस्टर भरणं ही माझी कामं. डॉक्टर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत, पण माझ्यापेक्षा शांत आहेत. माझा आवाज चढतो.

ते दोघे भाऊ पहिल्यांदा आले तेव्हा थोरला पुढे आणि धाकटा त्याच्या मागे दोन पावलं, दोन्ही कानांत कापूस घालून. थोरला आसपासच्या एका मोठ्या गावात ग्रामपंचायतीचा व्हॉल्व्हमन होता. गावाला आठ दिवसांनी पाणी येतं. कोणत्या गल्लीला कधी आणि किती वेळ सोडायचं, हे त्याच्या हातातली ती लांब लोखंडी चावी ठरवते. आमदारापेक्षा त्याला जास्त लोक ओळखत असतील. धाकट्याचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, हा त्यांत तांब्याच्या तारेचे वेढे नव्याने भरून द्यायचा. हात इतका चांगला की भोकरदनहून सुद्धा मोटारी यायच्या, असं थोरला सांगत होता.

"चार महिन्यांपासून भरलेल्या मोटारी पुन्हा उसवून राह्यला मॅडम," थोरला म्हणाला. "लोकं भांडायला येऊन राह्यले."

धाकट्याला दोन माणसांचे आवाज ऐकू येत. ते एकमेकांत बोलत आणि याच्या हातांकडे बघून बोलत: आता तार उचलली, आता सोडली, बघ चुकला. शिवाय आपल्या मनातलं सगळं तारेत उतरतं आणि ती मोटार चालू झाली की शिवारभर ऐकू जातं, अशी त्याची पक्की खात्री झाली होती. म्हणून तो लोकांच्या मोटारी उसवत होता. बिचारा स्वतःला परत गोळा करत होता म्हणा ना.

डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं, रात्री घ्यायची एक गोळी लिहिली आणि थोरल्याला माझ्याकडे पाठवलं.

आता हे मी शेकडो लोकांना सांगितलं होतं. आजाराच्या लक्षणांचे दोन ढीग करायचे. एक पॉझिटिव्ह, म्हणजे चांगली नव्हेत, तर नव्याने येऊन बसलेली: नसलेले आवाज, नसलेले संशय, तुटक असंबद्ध बोलणं. दुसरा निगेटिव्ह, म्हणजे असलेलं निघून गेलेलं: बोलणं आटतं, चेहरा कोरा होतो, उठावंसं, भेटावंसं, काही करावंसं वाटणं जातं. एवढं सांगून झालं आणि मग माझी खोड वर आली. समोर व्हॉल्व्हमन बसलाय म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार?

"हे बघा भाऊ," मी म्हणाले, "मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. यांच्या मेंदूत ते जास्त सुटतंय. व्हॉल्व्ह जास्त उघडा राहिला की गल्लीत पाणीच पाणी होतं ना, तसं. ही गोळी काय करते, तो व्हॉल्व्ह आवळते."

त्याचा चेहरा एकदम उजळला. चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्या भाषेत बोललं होतं.

"बराबर," तो म्हणाला. "समजलं मॅडम. बिलकुल समजलं."

मला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की परतताना जीपमध्ये मी ते डॉक्टरांना ऐकवलं. ते हसले. "चांगलं आहे," म्हणाले, "पण अर्धंच आहे हो." मी म्हटलं, अर्धं तर अर्धं, त्यांना कळलं ना. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं आणि विषय तिथेच राहिला.

थोरल्याकडे एक वही होती. कोणत्या गल्लीला कधी पाणी सोडलं त्याच्या नोंदींची. मी सांगितलं, तिच्यातच रोज भावाची नोंद ठेवा. आवाज आले का, संशय घेतला का, चिडला का. हे तीन प्रश्न मी दिले. आमच्या छापील कागदावरही साधारण तेच होते. तो माणूस असा शिस्तीचा की दर बुधवारी वही उघडून समोर धरायचा. पहिल्या पंधरवड्यात रोज हो, हो, हो. मग अधूनमधून नाही. दोन महिन्यांनी पानभर नाही. कानातला कापूस गेला. मी त्या पानांवर खूश होते. अशी स्वच्छ पानं आमच्या कामात फार मिळत नाहीत.

पण धाकटा दर वेळी त्याच स्टुलावर तसाच बसलेला असायचा. हात मांडीवर, नजर फरशीवर. काही विचारलं की बऱ्याच वेळाने "हो" किंवा "न्हाई". शर्टाची बटणं थोरला लावून देई. मी विचारायची ते थोरल्याला, आणि उत्तरंही त्याचीच लिहून घ्यायची. धाकट्याला विचारून उपयोग काय, असं मनातून ठरवूनच टाकलं होतं मी. आज लाज वाटते.

एका बुधवारी थोरल्याने वही मिटली आणि म्हणाला, "मॅडम, कागद चांगला झाला. माणूस न्हाई झाला."

"म्हणजे?"

"दुकानाचं शटर उघडून देतो मी. आत बसतो. तार हातात घेत न्हाई. जेव म्हनलं तर जेवतो, न्हाई म्हनलं तर उपाशी. माझी बायको म्हनती, बसून खायाची सवय लागली. मी तिला बोललो, पर मला बी कधी कधी..." तो थांबला. "तुम्ही दोन ढीग सांगितले व्हते. आलेलं काढून दिलं तुम्ही. गेलेलं कवा आणून देता?"

मी म्हटलं, वेळ लागतो, धीर धरा, रोज थोडं थोडं काम करायला लावा, आळशी म्हणू नका, तो आळस नाही. हे सगळं खरं होतं. पण त्याने विचारलं होतं त्याचं ते उत्तर नव्हतं, आणि हे त्यालाही कळलं असावं. वही पिशवीत घालून तो भावाला घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. मी जालन्यात, भाजी निवडत होते.

"मॅडम, बोलला!" तो जवळजवळ ओरडलाच. "सकाळी माझ्याआधी उठला. अंघोळ केली. मला म्हनला, भाऊ, जेवला का तू? वर्ष झालं मला त्यानं काही विचारलं न्हाई, मॅडम. आता दुकानात बसून कॉइल भरून राह्यला. मी बाहेरून बघून आलो."

पुढच्या बुधवारी थोरला एकटाच आला, धाकटा कामात होता म्हणून. तो सांगत गेला आणि मी रजिस्टरमध्ये मोठ्या अक्षरात लिहिलं: सुधारणा. डॉक्टरांनी विचारलं, "गोळी नियमित आहे ना?" थोरला वही आणि पिशवी सावरत होता. त्याच्याऐवजी मीच म्हणाले, "यांचं काय विचारता? घड्याळ लावून देतात." थोरल्याने मान खाली घातली. मी तो विनय समजले.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी धाकट्याने भावाची लोखंडी चावी उचलली, पाण्याच्या टाकीवर गेला आणि टाकी धुण्यासाठी असतो तो खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. आठ दिवसांनी पाणी यायचा दिवस होता. घराघरांतून हंडे, टिपं, पाइप लावून बायका वाट बघत होत्या आणि भरलेली टाकी ओढ्याला वाहून गेली. लोक धावत गेले तेव्हा तो वाहत्या पाण्याशेजारी कान दाबून बसला होता. पाण्यात माझं बोलणं मिसळलंय, कुणी पिऊ नका, असं सांगत होता. तो गावाला वाचवत होता, त्याच्या हिशोबाने. लोकांनी त्याला मारलं. थोरला पोचेपर्यंत तोंडातून रक्त येत होतं.

त्याला संभाजीनगरला एका मोठ्या दवाखान्यात दाखल करावं लागलं. तीन आठवड्यांनी तो घरी आला, वाढवलेली गोळी आणि भुवईवर टाक्यांचा व्रण घेऊन. थोरल्याची नोकरी सरपंचांनी कशीबशी राखली, पण चावी आता कपाटात कुलूप लावून ठेवायची असा ठराव झाला.

त्यानंतरच्या बुधवारी दोघे आले. धाकटा स्टुलावर बसला, हात मांडीवर, नजर फरशीवर, आधीपेक्षाही दूर. थोरल्याने न सांगता वही माझ्यापुढे ठेवली. पाणी सोडल्याच्या नोंदींच्या बाजूला, त्याच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: गोळी दोन आटे सैल. पुढच्या पानावर: आणखी दोन आटे.

"हे काय?" मी विचारलं.

"अडकित्त्यानं अर्धी केली व्हती. मंग पाव." तो हळू बोलत होता. "आवाज बंद झाले व्हते. पर समदंच बंद झालं व्हतं. मला वाटलं, व्हॉल्व्ह जास्तीच आवळला. मंग थोडा सोडावा लागतो ना. एकदम न्हाई सोडला मॅडम. आट्यागणिक सोडला."

माझा पारा चढला. आवाज बाहेरच्या रांगेपर्यंत गेला असणार. "हा शहाणपणा तुम्हाला कोणी शिकवला? गोळी काय तुमच्या घरची आहे? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या नजरेत राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना.

"तुम्हीच," तो म्हणाला.

डॉक्टरांनी रांग थांबवली, खुर्ची ओढून आमच्यात येऊन बसले आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी त्या माणसाला पूर्ण सांगितलं. व्हॉल्व्हचं उदाहरण अगदीच खोटं नाही, ते म्हणाले. मेंदूच्या एका भागात डोपामिनचा जोर वाढतो, आवाजांचा आणि संशयांचा त्याच्याशी संबंध आहे, आणि आपल्या गोळ्या डोपामिनला अडवतात म्हणूनच ते कमी होतात. डोपामिन वाढवणाऱ्या नशेच्या औषधांनी चांगल्या माणसालाही असे आवाज येऊ शकतात. पण बोलणं, हसणं, करावंसं वाटणं जातं ते त्याच व्हॉल्व्हने जातं असं नाही. ते आजारातूनच येतं, बऱ्याचदा आवाजांच्याही आधी येतं, आणि गोळीने फारसं हलत नाही.

थोरला विचार करत होता. मग त्याने बोटाने टेबलावर एक रेघ ओढली.

"म्हंजी टाकीजवळच्या गल्लीला प्रेशर, पाणी रस्त्यावर. आन् शेवटच्या गल्लीत थेंब न्हाई. व्हॉल्व्ह आवळला तरी न्हाई, सोडला तरी न्हाई."

डॉक्टर त्याच्याकडे बघतच राहिले. "असंच म्हणतात," ते म्हणाले. "एकीकडे जास्त, आणि मेंदूच्या पुढच्या बाजूला, जिथून माणूस ठरवतो, उठतो, बोलतो, तिथे कमी. डोपामिन नुसतं जास्त होतं, या जुन्या समजुतीत नंतर ही दुरुस्ती केली गेली. पण तेवढ्यानेही सगळं जुळत नाही, भाऊ. गोळी डोपामिनला पहिल्या दिवसापासून अडवते, मग पूर्ण गुण यायला कित्येक आठवडे का लागतात? काहींना या गोळ्या अजिबात लागू पडत नाहीत. त्यांतल्या कित्येकांना ज्या औषधाने गुण येतो ते तर डोपामिनला बाकीच्यांपेक्षा ढिलं धरतं. दुसरीही रसायनं आहेत. मेंदूची घडणच आहे. आम्हाला पूर्ण माहीत नाही."

"म्हंजी जमिनीत असे बी पाईप हायेत, जे तुमच्या नकाशात न्हाईत."

"आहेत," डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली जी मी आधी सांगायला हवी होती. गोळीने सुद्धा थोडी सुस्ती येते, हातपाय जड होतात, चेहरा कोरा दिसतो. म्हणजे थोरल्याचा संशय सगळाच चुकीचा नव्हता. तो आम्हाला सांगितला असता तर आम्ही तपासून, आमच्या नजरेखाली, गोळी बदलून किंवा सावकाश कमी करून बघितलं असतं. त्याने विचारलंही होतं, त्याच्या भाषेत. गेलेलं कवा आणून देता, असं. मी त्याला धीर धरा म्हटलं होतं.

थोरल्याने वही जवळ ओढली आणि ती पानं उलटत राहिला.

"एकच सांगा डॉक्टरसाहेब," तो म्हणाला. "तो मला म्हनला ना, भाऊ जेवला का. आठ दिवस दुकानात बसला. हसला बी. ते कोन व्हतं? माझा भाऊ व्हता का बिमारी व्हती?"

गोळीची सुस्ती उतरून तो थोडा मोकळा झाला असेल, डॉक्टर म्हणाले. किंवा आजार परत उसळायच्या आधी माणूस कधी कधी असा जास्त बोलका, जास्त हलका होतो, तेही असेल. दोन्ही एकदम असू शकतं. "खरं सांगायचं तर मला सांगता येणार नाही."

तेव्हा मी जे केलं ते पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मी माझी खुर्ची वळवली आणि धाकट्यासमोर बसले. त्याच्या भुवईवरचा व्रण अजून लाल होता.

"दादा," मी म्हटलं, "तुम्ही कॉइल भरत होतात ते दिवस आठवतात?"

खिडकीवर चिमण्या ओरडत होत्या. बाहेर औषधांच्या खोलीत कोणीतरी नंबर पुकारत होतं. थोरला उत्तर द्यायला पुढे झाला, तेव्हा मी हात करून त्याला थांबवलं. खूप वेळ गेला. मला वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

"आवाज बी व्हते," धाकटा फरशीकडे बघत म्हणाला. मग परत तेवढाच वेळ गेला. "मी बी व्हतो."

एवढंच. थोरला उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

मला ते दिवस नीट करायचे होते, निदान कागदावर. मी रजिस्टर काढलं, तो बुधवार शोधला आणि माझ्या मोठ्या अक्षरातली "सुधारणा" खोडायला पेन टेकवलं. शाई उमटली तेवढ्यात थोरला मागून म्हणाला, "ते राहू द्या मॅडम."

"चुकीचं आहे हो ते, भाऊ."

"असू द्या. तेवढंच लिहिलेलं हाय कुठं तरी."

मी खोडलं नाही. खाली बारीक अक्षरात लिहिलं की त्या काळात गोळी पाव होती, आणि तारीख घातली. डॉक्टरांनी त्या दिवशी गोळी बदलून दिली, सावकाश, आमच्या देखरेखीत. नवीन गोळीवरही धाकटा अजून तसाच बसतो. मधे एकदा शर्टाची बटणं स्वतः लावून आला होता, एक चुकीच्या काजात. मी आता कोणाला व्हॉल्व्हचं उदाहरण देत नाही. थोरल्याच्या वहीत मी एक चौथा रकाना आखून दिला आहे, आज काय बोलला, असा. थोरला तो दर बुधवारी दाखवतो. बहुतेक पानांवर त्यात काही नसतं.